डाव्या पिळाची तार

वसंताबद्दल मला कुणी विचारलं की मी आधी त्याच्या मीटरबद्दल सांगतो. पिवळ्या रंगाचं, वीज मोजायचं, हातात मावंल एवढं मीटर. ते तो एका धुतलेल्या रुमालात गुंडाळून ठेवायचा. दुकानात आमच्या हातांना काळं ग्रीस, बाकड्यावर वार्निशचे डाग, आणि हा गडी मीटर काढायच्या आधी साबणानं हात धुऊन यायचा. मला त्याचा लई राग यायचा. मी म्हणायचो, बाबा, लगीन लावायला चाललास का मोटार बघायला? तो हसायचा न्हाई आणि रागवायचाबी न्हाई. हात पुसायचा, रुमाल सोडायचा आणि गिऱ्हाइकाला तीन सवाल विचारायचा. कधी बंद पडलं, त्याच्या आधी काय झाल्तं, आणि शेवटचा हात कुणी लावला.

दुकान माझं. बदनापूरला स्टेशनकडं वळायच्या रस्त्यावर, जळालेल्या मोटारींच्या रिवाइंडिंगचं. पाटीवर नाव माझंच, भुजंग. वसंता भोकरदनकडचा, पिंपळगाव रेणुकाईचा. घरी थोडी जमीन, तिघं भाऊ. म्हणून हा जालन्याला आयटीआयला वायरमन शिकला आणि माझ्याकडं आला. चौदा वर्षं राह्यला. बायको पुष्पाबाई आणि तो, स्टेशनच्या पलीकडं दोन खोल्यांत. चौदा वर्षांत त्यानं माझ्या दुकानातला एक स्क्रूसुद्धा विचारल्याशिवाय घरी नेला न्हाई. आणि अशा माणसाबरोबर मी काय केलं, ते सांगायला मला आज शरम वाटती. पण सांगतो. न्हाई सांगितलं तर आणखी शरम वाटती.

आमच्यात भांडणाचा मुद्दा एकच होता, तार. आमच्याकडं त्या सालांत लोडशेडिंग असं होतं की लाइट दिवसातून चार तास आली तर गाव खूश. लाइट आली की सगळ्या शिवारातल्या मोटारी एकदम चालू, व्होल्टेज खाली, आणि फ्यूज उडायचे. शेतकरी धावत यायचा, भाऊ, जाड तार टाक, पुन्हा उडाया न्हाई पायजे, लाइट जाईल. मंग मी केबलमधले तांब्याचे चार केस काढायचो, पिळायचो, आणि फ्यूजमधी टाकून द्यायचो. आम्ही सगळेच टाकायचो. मोटार जळली तर पुन्हा माझ्याकडंच येणार, त्यात माझं काय जातं? वसंता मात्र टाकायचा न्हाई. तो म्हणायचा, फ्यूज उडतो तो काही सांगून राह्यला असतो, त्याचं तोंड दाबू नका. मी म्हणायचो, मास्तर, शहाणपणा तुझ्यापाशी ठेव.

मी डावखुरा हाय. लिहितो डाव्यानं, पाना फिरवतो डाव्यानं, तारही डाव्यानं पिळतो. त्यामुळं माझा पीळ जगाच्या उलटा पडतो. बाजारात कुणीही फ्यूज उघडला की हसायचा, हे भुजंगचं काम. मलाबी त्याची ऐट होती.

दोन हजार आठच्या दिवाळीच्या आसपास सत्यशीलाताई स्कूटर घेऊन आल्या. त्या प्राथमिक शाळेवर मॅडम. शाळा सहा किलोमीटरवर, आणि लहानपणी पोलिओ झाल्यामुळं एक पाय बारीक. आधी जीपमधी दाटीवाटीनं लोंबकळत जायच्या. मंग जालन्याहून त्यांनी बॅटरीवरची स्कूटर आणली. लायसन लागत न्हाई, किक न्हाई, गियर न्हाई, आवाजसुद्धा न्हाई. पहिले आठ दिवस गावातली कुत्री त्यांच्या मागं पळाली, कारण गाडी येती पण बोलत न्हाई हे त्यांना पटंना. त्यांची आई केशरबाई, आम्ही त्यांना मावशी म्हणतो, त्या तर गाडीला रोज फडक्यानं पुसायच्या. माझ्या लेकीला तिचे पाय मिळाले, म्हणायच्या.

त्या दिवशी गाडी चार्जच होईना. वसंता गावाकडं गेल्ता. बॅटरीची गाडी मी आयुष्यात उघडली नव्हती, पण तसं कबूल करतो तो भुजंग कसला? फूटबोर्डखालचा डबा उघडला. आत चार बॅटऱ्या ओळीनं जोडलेल्या, बारा बारा व्होल्टच्या, आणि चार्जिंगच्या वायरीवर काचेचा एक फ्यूज, आतला केस तुटलेला. बास, सापडलं. तसला फ्यूज बदनापुरात मिळंना. जालन्याहून आणायचा म्हणजे एक दिवस, आणि मॅडमना सकाळी शाळा. मी काय केलं? रोज करतो तेच केलं. तांब्याचे चार केस पिळले, काचेच्या जागी ठोकून बसवले, डबा लावला. चार्जरवर लाल दिवा लागला. मॅडम म्हणाल्या, भाऊ, तुमचे उपकार झाले. मी म्हणालो, तुमच्या गाडीत काय हाय, खेळणंच हाय ते.

फ्यूज कशानं उडाला, हे मी बघितलं न्हाई. आणि वसंता परत आला तेव्हा त्याला सांगितलंबी न्हाई. सांगितलं असतं तर तो डबा पुन्हा उघडून बसला असता, आणि मला ते नको होतं.

पुढं तीनेक महिने गाडी चालली. मधी एकदा वसंतानं तिचे ब्रेक आवळले, आणि चार्जिंगच्या सॉकेटमधली एक पिन काळी पडली होती ती पॉलिश पेपरनं घासून दिली. त्याच दिवसांत मॅडमच्या ओळखीच्या चार मास्तरणींनी तसल्याच गाड्या घ्यायचं ठरवलं होतं. जालन्याच्या दुकानदाराचं म्हणणं, बदनापूरला दुरुस्तीला आपला एक माणूस पायजे. मॅडमनी त्याला वसंताचं नाव सांगितलं. वसंता हे मला सांगायला आला तेव्हा त्याच्या बशीतला चहा तसाच गार झाला. चौदा वर्षांत पहिल्यांदा त्याला कुणीतरी नावानं बोलावलं होतं. न्हाईतर सगळे भुजंगचा माणूस म्हणायचे. मी वरवर बरं झालं म्हणालो. आतून मला काही बरं वाटलं न्हाई. खेळणं का होईना, ते माझ्या दुकानात पहिल्यांदा आल्तं ना.

मंग एका सोमवारी सकाळी मॅडम आल्या. गाडी टेम्पोत टाकून आणली होती. बरोबर मावशी, उजव्या हाताला पट्टी बांधलेली. काय झालं ते मावशीच सांगू लागल्या. रविवारी दुपारी लाइट आली, म्हणून त्यांनीच चार्जर लावला. चार्जरची पिन नीट बसंना, म्हणून जरा हलवून दाबली. तशी चर्र आवाज झाला आणि सॉकेटमधून धूर निघाला. मावशीनं पिन ओढून काढली, पण प्लास्टिक वितळून तळहाताला चिकटलं. कातडं सोलून निघालं होतं.

दुकानात अप्पाराव बसले होते, त्यांच्या विहिरीवरच्या मोटारीचं काम होतं. आणखी दोघंतिघं उभे. सगळे माझ्याकडं बघून राह्यले, दुकानदार म्हणून. आणि माझ्या तोंडातून पहिलं वाक्य काय निघालं? मी वसंताकडं वळलो आणि सगळ्यांसमोर ओरडलो, "सॉकेटला शेवटचा हात तुझा होता ना? घासताना पिन वाकवून ठेवली असशील. म्हातारीचा हात जाळलास."

तारेची मला त्या वेळी आठवणसुद्धा नव्हती, खरं सांगतो. पण दोष दुसऱ्यावर टाकायला आठवण कशाला लागती?

वसंता साबण घेऊन गेला. हात धुऊन आला. रुमाल सोडला. आणि मावशीपुढं उकिडवा बसून त्यानं विचारलं, "मावशी, धूर निघाल्यावर भिंतीवरचं बटन बंद केल्तं का तुम्ही?"

मावशी म्हणाल्या, केल्तं की, लेकीनं पळत जाऊन बंद केलं.

"मंग धूर थांबला?"

"न्हाई रे बाबा. पिन ओढली तरी आतून निघूनच राह्यला. मंग आपोआप थांबला."

वसंता उठून गाडीपाशी गेला. मंग त्यानं काम सुरू केलं, नेहमीसारखं, एका टोकाकडून. आधी चार्जर. भिंतीला लावला, हिरवा दिवा लागला. मीटर डीसीवर, दोनशेच्या खुणेवर ठेवलं, आणि पिनच्या दोन टोकांना मीटरच्या सुया लावल्या. अठ्ठावन्न पूर्णांक सात व्होल्ट. लाल सुई प्लसवर, आकड्याच्या आधी वजाची खूण न्हाई, म्हणजे उलटंसुलटं काही न्हाई. चार्जर ठणठणीत होता. आकडा त्यानं नेहमीसारखा डाव्या तळहातावर लिहिला. मॅडमना म्हणाला, चार्जर जिवंत हाय, आणि बॅटरी जोडलेली नसली तरीबी हा हिरवाच दिवा दाखवतो, म्हणून हिरव्यावर भरवसा ठेवू नका.

मंग गाडीचं सॉकेट. एका बाजूनं पार वितळलेलं. आतली एक पिन ढिली होऊन दुसरीवर कललेली. तिथं सुया लावल्या. चांगल्या गाडीत चार्जर नसतानाही त्या जागी बॅटरीचे अठ्ठेचाळीसच्या आसपास दिसायला पायजेत. तिथं शून्य. आणि चावी फिरवली तर हॉर्न वाजला, लाइट लागली. म्हणजे बॅटऱ्या मेल्या न्हाईत, गाडी चालायची लाइन धड हाय. फक्त बॅटरीपासून सॉकेटपर्यंतची चार्जिंगची लाइन मधीच तुटली हाय.

मी म्हणालो, झालं की मंग, सॉकेट जळालं, सॉकेट बदल.

तो सॉकेटकडंच बघत म्हणाला, "भाऊ, बटन बंद केलं तरी धूर निघाला. म्हणजे करंट चार्जरचा नव्हता, बॅटरीचा होता. दोन पिना एकमेकीला लागल्या आणि सगळ्या बॅटऱ्या तिथं ओतल्या. पण डब्यात दहा अँपिअरचा फ्यूज असतो. पिना लागल्या त्याच घडीला तो उडायला पायजे होता. तो का न्हाई उडाला?"

तेव्हा मला आठवलं.

हातातला पाना मला जड झाला. तीन महिन्यांपूर्वी पहिला फ्यूज ह्याच ढिल्या पिनेनं उडवला होता. तो सांगून राह्यला होता, आणि मी त्याच्या तोंडात तार कोंबली होती.

आणि मी काय केलं? मी म्हणालो, डबा उघडायची काही गरज न्हाई. उगी वेळ चाललाय, मॅडमना शाळा हाय. मी तसं म्हणालो. एक न्हाई, दोनदा म्हणालो. वसंतानं तोवर चार स्क्रू काढले होते.

डबा उघडला. बॅटऱ्या एकेक मोजल्या, प्रत्येक बाराच्या आतबाहेर, चारही जिवंत. मंग त्यानं चार्जिंगच्या वायरीवरची फ्यूजची नळी उघडली. त्याची पाठ लोकांकडं होती. बघायला मी एकटाच बाजूला. आत तांब्याची पिळलेली तार होती, मधोमध वितळून तुटलेली, दोन्ही टोकांना काळे गोळे झालेले. आणि पीळ डावा होता.

वसंतानं नळी वायरीतून सुटी केली, मीटर आवाजाच्या खुणेवर केलं आणि दोन टोकांना सुया धरल्या. तार जोडलेली असती तर मीटर वाजलं असतं. वाजलं न्हाई. पडद्यावर डाव्या कडेला नुसता एकचा आकडा, म्हणजे मधी तुटलेलं. एका नजरेत कळणारी गोष्ट. पण तो सुया धरूनच बसला. मी मनात म्हणालो, हा काय वाचून राह्यला एवढा वेळ? आकडा बदलत न्हाई, मीटर वाजत न्हाई, आणि हा हलत न्हाई. अप्पारावांनी मागून विचारलंसुद्धा, सापडलं का रे? तरी त्यानं सुया काढल्या न्हाईत. माझ्याकडं बघितलंबी न्हाई. मीटरकडंच बघून राह्यला.

मंग त्यानं नळी बंद करून खिशात टाकली आणि उठला. मॅडमना म्हणाला, "फ्यूज गेलाय. आणि सॉकेटची चूक माझी. पिन काळी दिसली तेव्हाच मी डबा उघडून बघायला पायजे होता. नुसतं घासून सोडून दिलं."

मॅडमचा चेहरा उतरला. मावशी पट्टी बांधलेला हात दुसऱ्या हातात धरून उभ्या होत्या. अप्पाराव च्च् करून बोलले, इतका मीटरवाला माणूस आणि असा कसा चुकला. सगळे पुन्हा माझ्याकडं वळले. बोलायची वेळ हीच होती. एवढंच म्हणायचं होतं की तार माझी हाय. तीन शब्द.

मी म्हणालो, "जाऊ द्या मॅडम. माणूस हाय, चुकतो कधी कधी. मी समजावून सांगतो त्याला."

मी त्याला माफ केलं! माझ्या गुन्ह्यासाठी मी त्याला चारचौघांत माफ केलं. आणि लोकांना माझं मन मोठं वाटलं.

दुसऱ्या दिवशी वसंता जालन्याहून नवं सॉकेट आणि दहाचा काचेचा फ्यूज घेऊन आला. सॉकेट बसवलं, ओढून बघितलं, हलवून बघितलं, फ्यूज बसवला. चार्जर लावायच्या आधी सॉकेटवर मीटर लावलं, साडेसत्तेचाळीस आलं. मंग त्यानं चार्जर लावला आणि लाल दिवा लागला. गाडी मॅडमच्या घरी स्वतः पोचवून आला. संध्याकाळी मीटर रुमालात गुंडाळलं, दुकानाची किल्ली बाकड्यावर ठेवली, आणि म्हणाला, भाऊ, उद्यापासून येत न्हाई. मी का म्हणून विचारलं न्हाई.

जालन्याच्या दुकानदारानं बदनापूरसाठी दुसराच माणूस घेतला. मॅडमनी वसंताचं नाव मागं घेतलं होतं. त्यांना कोण दोष देईल? आईचा हात त्यांच्या डोळ्यांपुढं होता. वसंता घरोघरी मिक्सर, पंखे दुरुस्त करून राह्यला. रस्त्यात दिसला की मान हलवायचा, मीच दुसरीकडं बघायचो. रात्री जेवताना बायको विचारायची, वसंता का गेला, तर मी तिच्यावर खेकसायचो. दुकानात फ्यूजची तार पिळायला घेतली की माझा हात थांबायचा. पहिल्यासारखी पिळताच येईना.

असे दोन महिने गेले. मंग एका दुपारी केशरमावशी दुकानात आल्या. हात बरा झाल्ता, तळव्यावर गुळगुळीत गुलाबी डाग राह्यला होता. डब्यात धपाटी आणली होती माझ्यासाठी. म्हणाल्या, त्या दिवशी तू होतास म्हणून निभावलं रे भुजंगा. गाडी आता तुझ्याशिवाय कुणाला दावणार न्हाई. त्या वसंताला तर दारात उभं करू नको म्हणून सांगितलंय मी गल्लीत सगळ्यांना.

त्यांनी डबा पुढं केला तो त्याच हातानं. मला तो डबा घेता येईना. मी म्हणालो, "मावशी, तार माझी होती."

त्यांना कळलं न्हाई. मी खाली बसून सगळं सांगितलं. फ्यूज, चार केस, डावा पीळ, गाडीचा डबा उघडू नको म्हणालो ते, माफ केलं तेसुद्धा. मावशी ऐकत राह्यल्या. संपल्यावर त्यांनी एकच विचारलं, "मंग त्या दिवशी का न्हाई बोललास?"

त्यांनी डबा परत पदराखाली घेतला. म्हणाल्या, ऊठ, मला त्याच्या घरी घेऊन चल, आताच. मी म्हणालो, संध्याकाळी जाऊ. त्या म्हणाल्या, बिलकुल न्हाई.

रूळ ओलांडून आम्ही गेलो. वसंता ओट्यावर कुणाचा तरी टेबल फॅन उघडून बसला होता. आम्हाला बघून उठला, मावशीला पाट दिला, पुष्पाबाईला चहा टाकायला सांगितलं. मावशीनं तो जळालेला हात त्याच्या खांद्यावर ठेवला आणि म्हणाल्या, माझ्यामुळं तुझं नाव गेलं रे बाबा, मी गल्लीभर बोलले. त्यांना रडू आलं. धपाट्याचा डबा त्यांनी त्याच्या पुढ्यात ठेवला. तो म्हणाला, मावशी, तुम्हाला जे सांगितलं तेच तुम्ही बोललात.

मी उभाच होतो. मला बस म्हणायला कुणी विसरलं न्हाई, पण बसवंना. मी म्हणालो, "वसंता, तुला त्या दिवशी तार ओळखू आली होती."

"लगेच आली, भाऊ. उघडल्या उघडल्या."

"मंग बोलला का न्हाईस?"

त्यानं स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. आवाज चढवला न्हाई.

"दुकान तुमचं, तोंड तुमचं. मी का बोलू? मी सुया धरून बसलो होतो ना एवढा वेळ, मीटर वाजत नव्हतं तरी? मी मीटर वाचत नव्हतो, भाऊ. तुम्ही बोलताल म्हणून वाट पाहून राह्यलो होतो."

पुष्पाबाईनं चहा आणला. बशी माझ्या हातात दिली. मला ती धड धरता आली न्हाई, चहा हातावर सांडला, आणि वसंतानं जवळ पडलेला मीटरचा रुमाल उचलून मला पुसायला दिला.